डावा हात, काळी साडी आणि कुंकू: शिक्षेवरून क्रम लावताना

प्रश्न: एम.ए. समाजशास्त्र, पहिलं वर्ष. लोकरीती, लोकनीती आणि निषिद्ध असा चढता क्रम पुस्तकात तीन ओळींत दिलाय. पण डाव्या हाताने जेवणं, लग्नात काळी साडी नेसणं, विधवेने कुंकू लावणं ही उदाहरणं कुठे घालायची यावर वर्गात रोज वाद होतात. शिक्षेच्या तीव्रतेवरून क्रम नेमका कसा लावायचा? पुढच्या महिन्यात प्रकल्पासाठी गावात जायचंय, तिथे काय विचारू?

उत्तर:

तुमच्या वर्गातले वाद मिटत नाहीत याचं कारण असं की तुम्ही सगळे कृतीकडे बघताय. काळी साडी कोणत्या कप्प्यात, असं विचारलं की उत्तर सापडत नाही, कारण साडीवर काही लिहिलेलं नसतं. ती नेसल्यावर भोवतालची माणसं काय करतात ते बघायचं आणि क्रम त्यावरून लावायचा. मी बरीच वर्षं महाविद्यालयात हाच विषय शिकवला आणि विद्यार्थ्यांना घेऊन गावांत गेलो. तेव्हा त्यांना एवढंच सांगत असे, की नियम विचारू नका, मोडल्यावर काय झालं ते विचारा.

आधी एक गैरसमज दूर करू. येल विद्यापीठातल्या विल्यम ग्रॅहम समनर यांनी 1906 साली ही मांडणी केली. त्यात निषिद्ध ही तिसरी, वेगळी पायरी नव्हती. त्यांच्या मते लोकरीतीला 'हे समाजाच्या हिताचं आहे' असा समज चिकटला की तिची लोकनीती होते, आणि लोकनीतीचा मोठा भाग 'हे करू नये' अशा मनाईंचाच असतो. त्या मनाई म्हणजे निषिद्ध. तीन पायऱ्यांची शिडी नंतरच्या पाठ्यपुस्तकांनी सोयीसाठी केली. शिडी वापरायला हरकत नाही, पण मनाईच्या भाषेत सांगितलेला प्रत्येक नियम सर्वांत वरच्या पायरीवर ठेवायचा नाही. 'डाव्या हाताने जेवू नये' हे वाक्य मनाईचंच आहे, तरी त्यामागची शिक्षा अगदी हलकी असू शकते.

शिक्षा मोजताना बहुतेकांचं चुकतं ते इथे: ते आवाज मोजतात. कोण किती ओरडलं यावरून नियम किती कडक ते ठरवतात. माझा अनुभव उलटा आहे. पंगतीत पोराने डावा हात ताटात घातला की आजी चार माणसांत मोठ्याने ओरडते, "अरे, डावा हात!" पोरगं हात बदलतं आणि दुसऱ्या मिनिटाला आजीच त्याच्या भातावर तूप वाढते. लोकनीती मोडली तर मात्र आवाज कमी होतो. कुणी तोंडावर बोलत नाही, पण आमंत्रण येत नाही, मुलीसाठी आलेलं स्थळ मागे फिरतं, पूजा सांगायला येणारे गुरुजी तब्येतीचं कारण सांगतात. म्हणून आवाज सोडून तीन गोष्टी बघा. किंमत मोडणाऱ्या एकट्याने मोजली की घरादाराने? तो पुन्हा पूर्वीसारखा पंगतीत बसू शकला का, आणि बसण्यासाठी त्याला काय करावं लागलं? की परतीची वाटच नव्हती? यातली शेवटची गोष्ट मी सर्वांत महत्त्वाची मानतो.

आता जेवणाच्या पंगतीकडे या, कारण तिथे लहान नियम दाटीने भेटतात. केळीच्या पानाचं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला, मीठ-लिंबू-चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, भात मध्ये. सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय सुरुवात करायची नाही, आणि शेजारच्यांचं संपायच्या आत उठायचं नाही. वाढप्याने मीठ उजवीकडे वाढलं तर एखादा जाणता हसून सांगतो आणि विषय संपतो. कुणी मधूनच उठलं तर "घाई कसली एवढी?" एवढंच ऐकावं लागतं. किंमत त्या एका माणसापुरती, त्या एका दुपारपुरती. या निखळ लोकरीती आहेत.

डाव्या हाताचा वाद सोडवायला मी एक युक्ती वापरतो: दोन नियमांची गाठ पडू द्यायची आणि कोणता हरतो ते बघायचं. जेवता जेवता आमटी वाढून घ्यायची झाली तर आपल्याकडे माणूस पळी कोणत्या हाताने धरतो? डाव्या. पाण्याचं भांडंही अनेक घरांत डाव्या हातानेच उचलतात. कारण उजवा हात उष्टा झालेला असतो, आणि उष्ट्या हाताने सामाईक भांड्याला शिवायचं नाही. म्हणजे 'डावा हात नको' हा नियम 'उष्टं लावू नको' या नियमापुढे सरळ माघार घेतो. यावरून दोघांतला क्रम कुणालाही न विचारता कळतो. उष्ट्याचा नियम मोडला तर पातेल्यातली आमटीच बाद होते, तिची किंमत पंगतीतले सगळे मोजतात. सोवळं पाळणाऱ्या घरात तर खरकटा हात लागलेला पदार्थ देवाच्या नैवेद्यालाही चालत नाही. तेव्हा डाव्या हाताने जेवणं रोजच्या ताटावर लोकरीतीतच राहतं. देवळात तीर्थ घेताना तोच डावा हात पुढे केला तर पुजारी पळी थांबवतो, तिथे नियमाचं वजन वाढतं. कृती एकच असली तरी जागा बदलली की पायरी बदलते, आणि हे उत्तरपत्रिकेत लिहायला घाबरू नका.

आता एक प्रकरण सविस्तर घेऊ, कारण त्यात शिक्षेच्या पायऱ्या लख्ख दिसतात. ऑक्टोबर 1890 मध्ये पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली होती. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. कार्यक्रम संपल्यावर मिशनच्या लोकांनी चहा-बिस्किटं पुढे केली. काहींनी चहा घेतला, काहींनी घेतला नाही. पुढे गोपाळराव जोशी यांच्यामार्फत उपस्थितांची नावं 'पुणे वैभव' या पत्रात छापून आली आणि शहर ढवळून निघालं. सनातनी मंडळींनी शंकराचार्यांकडे तक्रार नेली, तिथून चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले, रीतसर सुनावण्या झाल्या. यालाच त्या काळी ग्रामण्य म्हणत.

आक्षेप कशावर होता ते नीट बघा. कप कसा धरला, बशीत ओतून प्यायले का, हा चहाच्या लोकरीतीचा भाग, आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. चहा पिण्यालाही हरकत नव्हती. हरकत होती ती चहा कुणाच्या हातचा यावर. कोणाच्या हातचं खायचं-प्यायचं हा तेव्हाच्या ब्राह्मण समाजात जातीच्या अस्तित्वाचा प्रश्न मानला जाई, म्हणून तो लोकनीतीचा विषय होता. शिक्षाही तशीच. ग्रामण्य लागलेल्या घराशी पंक्तिव्यवहार बंद, म्हणजे त्यांना जेवायला बोलवायचं नाही आणि त्यांच्याकडे जेवायचं नाही. भिक्षुक मिळत नाहीत, त्यामुळे श्राद्ध, मुंज, लग्न अडतं. सासरी असलेल्या मुलीला माहेरी पाठवायचं की नाही, हाही प्रश्न उभा राहतो. चहा प्यायला एक माणूस, आणि किंमत मोजायला त्याची बहीण, मुलगी, म्हातारे आईवडील. तुमच्या नोंदवहीत पहिली खूण ही करून ठेवा.

दुसरी खूण परतीच्या वाटेची. या प्रकरणात प्रायश्चित्ताची सोय होती. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतलं असल्याचं मांडलं. रानड्यांनी 1892 मध्ये पुण्यात प्रायश्चित्त घेतलं. आपलं काही चुकलं असं त्यांना वाटत नव्हतं. ज्या मित्रांची घरं या बहिष्काराने अडचणीत आली होती त्यांची सुटका व्हावी, म्हणून त्यांनी ते पत्करलं. सुधारणावाद्यांनी त्यांच्यावर यासाठी बरीच टीका केली. मला मात्र हे उदाहरण शिकवताना नेहमी जाणवत आलंय की लोकनीतीचा दाब कसा काम करतो ते यातून फार स्पष्ट दिसतं. पटलेलं नसतानाही माणूस वाकतो, कारण दुखणं दुसऱ्याच्या घरात असतं. आणि विधी झाल्यावर समाज, कुरकुरत का होईना, त्याला परत घेतो.

याच्या शेजारी महाडचं चवदार तळं ठेवा. मार्च 1927 मध्ये डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य मानलेल्या लोकांनी त्या तळ्याचं पाणी प्यायलं. मुंबई विधिमंडळाने 1923 सालीच, बोले यांच्या ठरावाने, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असल्याचं मान्य केलं होतं. म्हणजे सरकारी नियमाने गुन्हा शून्य होता. तरी परिषदेला आलेल्या माणसांवर हल्ला झाला, मंडपात जेवत असलेल्यांना मारहाण झाली, त्यांचं अन्न मातीत मिळवलं गेलं. आणि नंतर तळ्याचं 'शुद्धीकरण' केलं गेलं.

दोन्हीकडे माणसं काहीतरी प्यायलीच होती. पुण्यात शुद्धी प्यायलेल्या माणसाची झाली, कारण तो आपल्यातला मानला जात होता आणि त्याला परत घ्यायचं होतं. महाडात शुद्धी पाण्याची झाली. माणसाला परत घेण्याचा प्रश्नच त्यांच्या लेखी नव्हता, त्याचा स्पर्शच मुळी दोष मानला होता. प्रायश्चित्ताला तिथे जागा नाही, क्षमेला नाही, आणि चौकशीसाठी शास्त्री बसवण्याची गरजही कुणाला वाटली नाही. निषिद्ध ओळखण्याची माझी कसोटी ही आहे. स्पर्श झालेल्या वस्तूला धुऊन काढतात आणि नियम मोडणाऱ्याला परतीची वाटच ठेवत नाहीत, तिथे तुम्ही सर्वांत वरच्या पायरीवर आहात. या पायरीवर शांतताही राहत नाही. लोकनीतीत कमी झालेला आवाज इथे हाणामारीच्या रूपाने परत येतो.

याच उदाहरणावरून आणखी एक गोष्ट लक्षात येते, आणि ती कपड्यांकडे नेते. शिक्षा नियमाला जोडलेली असते, तशीच नियम मोडणाऱ्याच्या सामाजिक जागेलाही जोडलेली असते. डिसेंबर 1927 मध्ये महाडच्याच दुसऱ्या परिषदेत आंबेडकरांनी महिलांना सांगितलं, की गुडघ्यापर्यंत वर खोचून साडी नेसायची पद्धत आणि अंगभर कथलाचे दागिने घालणं सोडा, कारण यांवरून तुमची जात ओळखली जाते. घोट्यापर्यंत साडी नेसणं वरच्या मानल्या जाणाऱ्या जातींतल्या बाईला साधी लोकरीत होती, तिच्याकडे कुणी बघतही नसे. दलित बाईने तीच साडी त्याच लांबीची नेसली की पायरी ओलांडल्याचा आरोप. म्हणून क्रम लावताना 'कोणासाठी?' हा शब्द जोडल्याशिवाय तुमचं वाक्य पूर्ण होत नाही.

काळ्या साडीचं उत्तर यानंतर सोपं आहे. लग्नघरात पाहुणी काळी साडी नेसून आली तर एखादी मावशी म्हणेल, "आजच्या दिवशी काळं कशाला गं?" जेवणापर्यंत विषय विरतो. संक्रांतीला तीच बाई काळी चंद्रकळा नेसते तेव्हा सगळ्या तिचं कौतुक करतात. वर्षातल्या एका दिवशी जे मुद्दाम करायचं असतं ते निषिद्ध असण्याचा संभव फार कमी. शहरातल्या स्वागत समारंभांत तर काळा रंग आता नेहमीचा झालाय. लोकरीत म्हणून नोंदवा. मात्र खुद्द नवरीने अक्षता पडताना काळी साडी नेसली तर काही घरांत दोन्हीकडचे वडीलधारे अडून बसतील. तिथे प्रश्न अपशकुनाचा, म्हणजे दोन कुटुंबांच्या भल्याबुऱ्याचा होतो आणि वजन लोकनीतीकडे झुकतं. किती झुकतं ते घरावर अवलंबून आहे, ते तिथे जाऊनच कळेल.

कुंकवाचं उदाहरण मला तिघांत सर्वांत गंभीर वाटतं, आणि त्यावर वर्गात सर्वांत कमी बोललं जात असणार. विधवा बाईने कुंकू लावलं तर गावात तिला कुणी थांबवून जाब विचारेलच असं नाही. फक्त हळदी-कुंकवाचं बोलावणं येत नाही. डोहाळजेवणात ओटी भरायला तिला पुढे बोलावत नाहीत. पुतणीच्या लग्नात ती स्वतःच मागच्या रांगेत जाऊन बसते. बोलावलं नाही म्हणजे शिक्षा झाली, हे बोलावणाऱ्या बायकांनाही जाणवत नसतं, कारण त्यांना तो रिवाज वाटतो. पूर्वी काही जातींत केशवपन आणि आलवण यांतून ही शिक्षा अंगावरच घातलेली असे. आजची शिक्षा तितकी उघडी नाही, पण ती आयुष्यभराची आहे आणि तिला प्रायश्चित्त नाही, कारण बाईने काही मोडलेलंच नाही. नवरा गेला एवढंच घडलंय. म्हणून मी ही लोकनीतीची वरची पायरी मानतो, निषिद्धाला लागून असलेली.

तरी ती हलत नाही असं नाही. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, की पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. राज्य सरकारने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींनाही हा आदर्श घ्यायला सांगितलं. तुमच्या प्रकल्पासाठी यात एक सूचना आहे: मीठ कुठे वाढावं यावर कोणतीही ग्रामसभा ठराव करत नाही. ठराव करावा लागला, याचा अर्थ मोडण्याची किंमत एकेकट्या बाईला झेपणारी नव्हती. मात्र ठराव झाला म्हणजे प्रथा संपली असं समजू नका. तुम्ही अशा गावी गेलात तर ठरावानंतरच्या हळदी-कुंकवात विधवा बाया बसल्या का, आणि त्यांना बोलावलं कुणी, हे शोधा.

खऱ्या निषिद्धाबद्दल थोडं. नरमांस खाणं किंवा भर रस्त्यात नग्न फिरणं ही पुस्तकी उदाहरणं बरोबर आहेत, कारण तिथे माणूस 'हे करू का?' असा विचारही करत नाही, नुसत्या कल्पनेने किळस येते. पण सांगली-कोल्हापूर भागात दिगंबर जैन मुनींचा विहार तुम्ही पाहिला असेल. तिथे तीच नग्नता समोरून येते आणि माणसं रस्त्याच्या कडेला हात जोडून उभी राहतात. निषिद्धालाही ठरलेल्या जागी, ठरलेल्या माणसासाठी सूट असते, आणि ती सूट सगळ्यांना आधीपासून ठाऊक असते. परीक्षेत हे लिहिलंत तर निषिद्ध म्हणजे निरपवाद बंदी, हा सरधोपट गैरसमज तुमच्याकडून होणार नाही.

आतापर्यंतचं थोडक्यात: एकट्याने आणि तेवढ्यापुरती किंमत मोजली तर लोकरीत, घराने मोजली आणि परतीला विधी, दंड किंवा माफी लागली तर लोकनीती, परतीची वाटच नसेल आणि स्पर्शाचीच शुद्धी करावी लागली तर निषिद्ध. कुंकवासारखी काही उदाहरणं दोन पायऱ्यांच्या मध्ये राहतील, ती तशीच मध्ये राहू द्या आणि कारण लिहा.

आता गावात काय विचारायचं. "तुमच्याकडे काय निषिद्ध आहे?" हा प्रश्न विचारू नका, लोक पुस्तकासारखं उत्तर देतात आणि सगळंच कडक असल्याचं सांगतात. विचारा, "असं शेवटचं कधी झालं होतं? मग काय झालं? पहिल्यांदा कोण बोललं? आज ती मंडळी लग्नकार्याला येतात का?" एकाच घटनेबद्दल तिघांना विचारा: गावातला एखादा वयस्क, लग्न होऊन बाहेरून आलेली एखादी सून, आणि पंगतीचं काम करणारा आचारी किंवा वाढपी. सुनेला इथले नियम शिकावे लागलेले असतात, म्हणून ते तिला शब्दांत सांगता येतात. जन्मापासून इथे असलेल्याला ते दिसतच नाहीत. आणि कोणाला कुठे बसवलं, कोणाकडे जेवण नेऊन दिलं, कोणाकडे पाठवलंच नाही, हे आचाऱ्याइतकं कुणाला माहीत नसतं. तिघांच्या उत्तरांत फरक पडला तर गोंधळू नका. वयस्काने कडक म्हटलेला नियम सून सौम्य सांगत असेल, तर तो नियम आत्ता खाली उतरतोय, आणि तुमच्या प्रकल्पात तीच सर्वांत मोलाची नोंद ठरेल.

विधवा बाईशी बोलायचं असेल तर सासरच्या माणसांसमोर नको, आणि तिने स्वतः विषय काढल्याशिवाय कुंकवावर थेट प्रश्न नको. तुमच्या एका प्रश्नाने तिच्यावर घरात आणखी काही ऐकायची वेळ येऊ शकते.

शेवटची गोष्ट जबाबदारीची आहे. गावात किंवा एखाद्या जातपंचायतीत चालू असलेला बहिष्कार तुमच्यासमोर आला, तर ती नुसती अभ्यासाची सामग्री राहत नाही. महाराष्ट्राने 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आणि तो जुलै 2017 पासून लागू आहे. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. 1890 साली ज्या शिक्षेला सगळं शहर अधिकृत मानत होतं, ती शिक्षा देणं हाच आता गुन्हा आहे. म्हणून अशा घरातल्या माणसांची नावं, आडनावं, वाडी-वस्ती नोंदवहीत लिहू नका, खुणेची अक्षरं वापरा. गाव सोडण्याआधी मार्गदर्शकांशी बोला, आणि त्या कुटुंबाला तक्रार करायची असेल तर पोलीस ठाण्यात या कायद्याखाली करता येते, हे त्यांना एकांतात सांगा. तक्रार करायची की नाही ते त्यांनाच ठरवू द्या, कारण त्यानंतरही त्या गावात राहायचं त्यांनाच आहे.